क्लिक जास्त म्हणजे लिस्टिंग चांगली, असं नसतं

ऑनलाइन माल विकणाऱ्यांना दिला जाणारा एक सल्ला असा: "एकाच मालाचं टायटल दोन प्रकारे लिहा. पहिला आठवडा एक ठेवा, दुसऱ्या आठवड्यात दुसरं. ज्याला क्लिक जास्त, ते कायम करा. ऑर्डरी बघत बसू नका, क्लिक वाढले की त्या आपोआप वाढतात. सात दिवसांत चित्र स्पष्ट होतं."

दोन प्रकारे लिहून बघायचं, एवढ्यापुरतं हे बरोबर आहे. पण त्यापुढच्या प्रत्येक वाक्यात चूक आहे, आणि ती चूक लहान विक्रेत्याच्या खिशातून भरून निघते. एक उदाहरण धरून बोलू. माल आहे पुरुषांची कोल्हापुरी चप्पल. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, पण लिस्टिंग सांभाळणाऱ्याला ते ओळखीचे वाटतील.

पहिलं टायटल साधं आहे: "पुरुषांची कोल्हापुरी चप्पल, अस्सल चामडं, हातशिलाई, तपकिरी". दुसरं जरा सजवलेलं: "लग्न-सणासाठी कुर्त्यावरची हलकी कोल्हापुरी चप्पल, पुरुषांसाठी". दोन्हींना सारखाच वेळ दिला आणि दोन्ही शोधाच्या यादीत प्रत्येकी 20,000 वेळा दिसली. पहिलीवर 400 क्लिक आले, ऑर्डरी 32. दुसरीवर 700 क्लिक आले, ऑर्डरी 35.

क्लिकवर निकाल लावला तर दुसरी पाऊणपट पुढे. पण पहिलीकडे आलेल्या शंभरातल्या आठ जणांनी चप्पल घेतली आणि दुसरीकडे आलेल्या शंभरातल्या पाचच जणांनी. जास्तीची 300 माणसं दारात आली, त्यातून ऑर्डरी वाढल्या फक्त तीन. यात नवल नाही. क्लिक होतो तो टायटल, पहिला फोटो आणि किंमत बघून. ऑर्डर होते ती आत गेल्यावर, सगळे फोटो, साइजचा तक्ता, रिव्ह्यू आणि डिलिव्हरीची तारीख बघून. "हलकी" वाचून आलेला माणूस मनात रबरी तळाची, पायात घातल्याचं कळणारही नाही अशी चप्पल घेऊन आलेला असतो. आत त्याला चामड्याच्या थरांचा जाड तळ दिसतो आणि तो मागे फिरतो. जो मागे फिरत नाही, त्याचं दुखणं आणखी पुढे आहे. नवी कोल्हापुरी कडक असते, सुरुवातीला अंगठ्याशी चावते, तेल लावून वापरली की मऊ पडते. हे ज्याला माहीत आहे तो ठेवून घेतो. "हलकी" या शब्दावर आलेला परत पाठवतो. धरा की पहिल्या टायटलच्या 32 पैकी 4 परत आल्या आणि दुसऱ्याच्या 35 पैकी 10. म्हणजे हातात राहिल्या 28 आणि 25. क्लिकमध्ये पुढे असलेलं टायटल इथे मागे पडलं.

म्हणून रिटर्नची मुदत संपल्याशिवाय हिशेब मिटवू नका. आज दिसणाऱ्या ऑर्डरींत पुढच्या आठवड्यात परत येणाऱ्या जोड्याही मोजलेल्या असतात, आणि परतीचं भाडं बहुतेक वेळा विक्रेत्याच्याच माथी बसतं.

आता "सात दिवसांत". वरच्या आकड्यांवरून मी पहिलं टायटल जिंकलं असं म्हणालो का? नाही, आणि म्हणणारही नाही. 32 आणि 35, किंवा 28 आणि 25, हे फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतात. एकच टायटल न बदलता ठेवून रोजच्या ऑर्डरी लिहून काढा: कधी तीन, कधी शून्य, मधेच एकदम पाच. लिस्टिंगला हातही न लावता एक आठवडा दुसऱ्याच्या दीडपट दिसतो. फरक खरा की हवेतला, हे ताडायला कागदावर होणारा एक हिशेब आहे. दोन्ही टायटलना संधी सारखी मिळाली असेल, तर दोन्हींच्या ऑर्डरींची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. फरक त्याहून मोठा असेल तरच त्यावर विसंबावं.

32 आणि 35 ची बेरीज 67, वर्गमूळ साधारण 8.2, दुप्पट 16.4. आपला फरक 3. म्हणजे ऑर्डरींवरून काहीच ठरत नाही. 12 विरुद्ध 18 घ्या: दीडपट आहे म्हणून माणूस खूश होतो, पण बेरीज 30, वर्गमूळ साडेपाचच्या आसपास, दुप्पट 11, फरक 6. इथेही नाही. तेच दीडपट प्रमाण 60 विरुद्ध 90 झालं, की दुप्पट साडेचोवीसच्या जवळ येते आणि फरक 30 भरतो. आता विश्वास ठेवायला हरकत नाही. सात दिवसांत एका लिस्टिंगच्या दीडशे ऑर्डरी निघणारे विक्रेते असतात, पण तो सल्ला वाचून कामाला लागणारे बहुतेक त्यांच्यातले नसतात.

इथे एक फसगत फार होते. रोज सकाळी पॅनल उघडायचं आणि ज्या दिवशी आवडतं टायटल पुढे दिसेल त्या दिवशी चाचणी थांबवायची. चढउतारात दोन्ही टायटल कधी ना कधी पुढे असतातच. तेव्हा किती आठवडे चालवायचं हे आधी ठरवा, तारीख वहीत लिहा आणि तोवर निकाल काढू नका. ऑर्डरी थोड्या असतील तर बारीक बदल तपासूच नयेत. शंभर क्लिकमागे पाचच्या सहा ऑर्डरी झाल्या का हे नीट कळायला प्रत्येक टायटलला आठेक हजार क्लिक लागतात. पाचच्या आठ झाल्या का हे हजार-अकराशे क्लिकमध्ये कळू शकतं. "अस्सल" काढून "खरं" घातल्याने काय होतं हे शोधण्याची ऐपत लहान दुकानाला नसते. त्याने पहिला फोटोच पूर्ण बदलावा, किंवा टायटलची सुरुवात कशाने करायची ते बदलून बघावं.

एक आठवडा हे आणि पुढचा आठवडा ते, यातली खोट कोल्हापुरीत फार उघडी दिसते. लग्नसराईच्या मुहूर्तांचा आठवडा आणि त्यानंतरचा कोरडा आठवडा यांत जो फरक पडेल त्याचं श्रेय टायटलला द्यायचं का? पाऊस सुरू झाला की चामड्याची चप्पल कोण मागवतो? पगाराचा आठवडा, साइटवरचा सेल, शेजारच्या विक्रेत्याने उतरवलेली किंमत, आपलाच आठ नंबर संपलेला असणं, यांतलं काहीही दोन आठवड्यांपैकी एकाच्याच वाट्याला येतं.

साइटवरच ग्राहक दोन भागांत वाटून देण्याची सोय असेल तर तीच वापरा, कारण मग लग्नाचा आठवडा दोन्ही टायटलना सारखाच लागतो. अमेझॉनवर ती Manage Your Experiments या नावाने आहे, पण तिथे ब्रँड नोंदवलेला असावा लागतो आणि लिस्टिंगवर पुरेशी वर्दळ असावी लागते. ती मिळत नसेल तर आठवडे आलटूनपालटून लावा, आणि तेही सरळ एक-दोन-एक-दोन असे न लावता पहिलं, दुसरं, दुसरं, पहिलं, आणि पुन्हा तसंच. मागणी हळूहळू चढत किंवा उतरत असली तर या क्रमात ती दोन्हीकडे बरीचशी सारखी वाटली जाते. टायटल बदलल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस हिशेबातून वगळा. नवे शब्द साइटच्या शोधात मुरायला वेळ लागतो, आणि जुनं टायटल बघून चप्पल कार्टमध्ये टाकलेला माणूस ऑर्डर नव्या टायटलच्या दिवसात करतो. किंमत, कूपन आणि जाहिरातीचं बजेट या काळात हलवायचं नाही.

काही जण वेळ वाचवायला त्याच चपलेची दुसरी लिस्टिंग उघडून दोन्ही एकदम चालवतात. तसं करू नका. जुनीवर रिव्ह्यू असतात, नवी कोरी असते, त्यामुळे तुलना टायटलची राहत नाही. शिवाय एकाच मालाच्या दोन लिस्टिंग अनेक साइटना चालत नाहीत.

आता व्ह्यूजकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. आधी तुमच्या पॅनलमधला आकडा नेमका कशाचा आहे ते बघा. Impressions म्हणजे चप्पल यादीत किती वेळा दिसली. Page Views म्हणजे तिचं पान किती वेळा उघडलं, म्हणजे क्लिकनंतरची गोष्ट. एट्सीवर लिस्टिंगसमोर दिसणारे व्ह्यूज हे पान उघडल्याचेच असतात. एका टायटलसाठी हा आणि दुसऱ्यासाठी तो धरला तर सगळं गणित वाया.

आकडा बरोबर घेतला तरी एक गोष्ट उरते. वर मी दोन्हीला 20,000 व्ह्यूज, म्हणजे Impressions, धरले ते समजायला सोपं जावं म्हणून, आणि पुढेही व्ह्यूज त्याच अर्थाने. प्रत्यक्षात टायटल बदललं की व्ह्यूजही बदलतात, कारण कुठल्या शोधात आपण दिसायचं हे बऱ्याच अंशी टायटलमधले शब्दच ठरवतात. समजा "लग्न" आणि "कुर्ता" या शब्दांमुळे दुसरं टायटल 30,000 वेळा दिसलं आणि ऑर्डरी 40 आल्या. हजार व्ह्यूजमागे पहिल्याच्या 1.6 आणि दुसऱ्याच्या 1.33. प्रमाण घसरलं म्हणून ते टाकून द्यायचं? नाही. सारख्याच दिवसांत 32 च्या जागी 40 आल्या आहेत. जास्तीच्या दहा हजारांत फक्त बघून जाणारे पुष्कळ होते, एवढंच. फरक भरवशाचा होईपर्यंत थांबायचं, पण तुलना करायची ती सारख्या दिवसांत हातात राहिलेल्या ऑर्डरींची. प्रमाणं लागतात ती गळती कुठे आहे हे शोधायला.

मग क्लिकचा उपयोग काय? आहे, आणि चांगला आहे. क्लिक संख्येने जास्त येतात, म्हणून त्यांच्यातला फरक लवकर खरा ठरतो. 400 आणि 700 ची बेरीज 1100, वर्गमूळ 33, दुप्पट 66, आणि फरक 300. दुसरं टायटल जास्त लोकांना आत आणतं यात शंका नाही. पण ते क्लिक जाहिरातीतून येत असतील आणि क्लिकला चार रुपये जात असतील, तर पहिल्यावर 1,600 रुपये गेले आणि दुसऱ्यावर 2,800. ऑर्डरींत भरवशाचा फरक नाही आणि 1,200 रुपये जास्त गेले. जाहिरात चालू असताना मी बेधडक पहिलं टायटल ठेवीन.

जाहिरात नसेल तर ती 300 माणसं फुकट आली आहेत, आणि ती का परतली हे शोधण्यात राम आहे. मी तिसरं टायटल करीन: "लग्न-सणासाठी कुर्त्यावरची कोल्हापुरी चप्पल, अस्सल चामडं, पुरुषांसाठी". "हलकी" गेलं. आत दुसऱ्या फोटोत तळ बाजूने दाखवायचा, थर दिसतील असा. साइजच्या तक्त्यात पाऊल सेंटिमीटरमध्ये कसं मोजायचं ते चित्रासकट द्यायचं. आणि वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहायचं की चप्पल सुरुवातीला कडक लागेल, तेल लावून वापरली की मऊ होईल. कदाचित क्लिक 700 वरून 600 वर येतील. ते चालेल. बघायचं ते हे, की रिटर्नची मुदत उलटल्यावर 28 च्या वर किती जोड्या उरतात.