खत टाकलं म्हणून पाऊस पडला!

‘ओघतक्ता काढा’ असं दिसलं की मुलं आधी पट्टी शोधतात. एका मापाच्या सुबक चौकटी आखून होतात, आणि दुसऱ्याच चौकटीत ‘शेतातील जादा खत पाण्याबरोबर वाहून’ इथे जागा संपते. ‘तलावात जाते’ बाहेर लटकतं, लोकलच्या दारातल्या प्रवाशासारखं. म्हणून मी सांगत असतो, आधी मजकूर लिहा, मग त्याच्याभोवती चौकट आखा. ऐकतो कोण!

प्रश्न नेहमीचाच: शेतात जास्त खत टाकल्याने तलावातले मासे कसे मरतात? काहींचं उत्तर दोन चौकटींत उरकतं. खत टाकले, बाण, मासे मेले. गुन्हा सिद्ध, तपास शून्य! जरा कष्टाळू मुलं पाऊस आणतात:

खत टाकले → पाऊस पडला → मासे मेले

आता प्रत्येक बाणाच्या जागी ‘म्हणून’ घालून मोठ्याने वाचा. खत टाकलं म्हणून पाऊस पडला! असं असतं तर दुष्काळी तालुक्यांत युरियाच्या गोणी फोडून काम भागलं असतं. पाऊस खताचा परिणाम नाही, तो बाहेरून आलेला पाहुणा आहे. त्याची चौकट बाजूला काढावी आणि तिचा बाण ‘खत वाहून तलावात गेले’ या चौकटीत आणून सोडावा.

पुढे नायट्रेट-फॉस्फेट मिळाल्यामुळे शैवाल माजतं, इथवर सगळे पोचतात. मग थेट ‘ऑक्सिजन संपला’. पण शैवाल तर दिवसा ऑक्सिजन सोडतं! इथे ‘म्हणून’ अडखळतो, म्हणजे मधली चौकट गहाळ आहे. गहाळ आहेत ते जिवाणू. शैवालाचा थर ऊन अडवतो, म्हणून तळातल्या वनस्पती मरतात. दाटी झालेलं शैवालही मरत राहतं. हे सगळं कुजवणारे जिवाणू बेसुमार वाढतात आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तेच संपवतात. रात्री प्रकाशसंश्लेषण बंद, श्वसन मात्र सगळ्यांचं चालू. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून धडपडताना दिसतात.

यात ‘शैवाल माजले’ इथून दोन बाण निघायला हवेत, एक ‘तळातल्या वनस्पती मेल्या’कडे, दुसरा ‘शैवाल मेले’कडे, आणि दोन्ही ‘जिवाणू वाढले’पाशी भेटायला हवेत. फाटा फोडला तर गुण कापतील, या धास्तीने मुलं दोघांना एका रांगेत उभं करतात. मग वनस्पती मेल्याच्या दुःखाने शैवाल मेलं, असा अर्थ निघतो.

बाण नुसत्या रेघेने भागत नाही, टोक हवंच. टोक नसेल तर मासे मेले म्हणून शेतकऱ्याने खत टाकलं, असंही वाचता येतं.

शेवटची चौकट मात्र आधीच लिहून ठेवावी, पानाच्या तळाशी: ‘मासे मेले’. नाहीतर हात सैल सुटतो. मासे मेले, मासेमारी बंद पडली, कुटुंबं शहरात गेली, शहरात गर्दी वाढली, लोकल तुंबल्या... विचारलं होतं माशांबद्दल!