सतरा गुण आणि एक मात्रा

मुलीला स्थळ सांगून आलंय, मुलगा बरा आहे, दोघं दोनदा कॉफी पिऊन आलीत आणि तिसऱ्यांदा निघायच्या बेतात आहेत. आता घाई करा. एकमेकांचा स्वभाव कळायच्या आत पत्रिका गुरुजींसमोर पोहोचली पाहिजे. स्वभाव एकदा कळला की छत्तीस गुणांकडे कोण बघतो?

समजा मुलगी रोहिणी नक्षत्राची, रास वृषभ, आणि मुलगा उत्तराषाढा, रास मकर. गुरुजी पंचांगातलं गुणमेलनाचं कोष्टक उघडतील, आडव्या ओळीवर फूटपट्टी ठेवतील, उभ्या रकान्यावरून बोट खाली आणतील आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणतील, "सतरा." पास व्हायला अठरा लागतात. तुम्ही लगेच "अरेरे" म्हणा. एका गुणाने हुकलेली बारावी आणि एका गुणाने हुकलेलं लग्न, दोन्हींत रिचेकिंगची सोय असते, पण तिकडे नंतर येऊ.

हे सतरा आले कुठून, हे विचारणं उद्धटपणाचं आहे, तरी विचारा. आठ कूटं असतात आणि पहिल्याला १, दुसऱ्याला २ असं करत आठव्याला ८ गुण, म्हणून एकूण ३६. आपल्या जोडीला वर्णाचा १ मिळाला, कारण वृषभ आणि मकर दोन्ही राशी वैश्य. वश्याचे २ मिळाले. ताराचे ३, म्हणजे मुलीच्या नक्षत्रापासून मुलाच्यापर्यंत आणि उलट मोजून ९ ने भागलं, तर बाकी ३, ५, ७ यायला नको, ती आली नाही. शुक्र आणि शनी मित्र, म्हणून ग्रहमैत्रीचे ५. दोघांचा गण मनुष्य, म्हणून ६. झाले सतरा. इथवर दोघं वर्गात पहिली आहेत.

मग घात कुठे झाला? योनीत रोहिणीचा साप आणि उत्तराषाढाचं मुंगूस, म्हणून ४ पैकी शून्य. (मुलगी शाकाहारी आहे, मुलगा आयटीत आहे, तरी सांभाळून राहिलेलं बरं.) वृषभेपासून मकर नववी आणि मकरेपासून वृषभ पाचवी, हे नवपंचम, म्हणून भकूटाचे ७ गेले. आणि दोघांची नाडी अंत्य, म्हणून नाडीचे ८ गेले.

शेवटच्या दोन कूटांची गंमत लक्षात ठेवा, कारण कमी गुणांचं सगळं गुपित तिथे आहे. ३६ पैकी १५ गुण या दोघांकडे, आणि दोन्हींचा हिशेब सगळं किंवा काहीच नाही असा. अर्धा गुण मागायची सोय नाही. भकूटात दोन-बारा, पाच-नऊ, सहा-आठ ही नाती नापास, म्हणजे कुठल्याही राशीला बारापैकी सहा राशी बाद. नाड्या तीनच, आणि प्रत्येकीच्या वाट्याला नऊ नक्षत्रं, म्हणजे तिसरा हिस्सा जग एक-नाडी म्हणून बाद. तेव्हा गुण कमी आले तर बहुतेक वेळा एवढंच समजावं की या दोन मोठ्या खात्यांपैकी एखादं किंवा दोन्ही रिकामी निघाली. त्याचा अर्थ "यांचं पटणार नाही" असा घ्यायचा, हा रिवाज आहे.

आणि हे सगळं फक्त चंद्रावरून. चंद्र एका नक्षत्रात साधारण दिवसभर असतो. म्हणजे त्या दिवशी त्या नक्षत्रावर जन्मलेल्या सगळ्या मुलांशी तुमच्या मुलीचे गुण जवळजवळ सारखे. जोडीदाराचं म्हणून जे सप्तम स्थान पत्रिकेत असतं, ते या ३६ त कुठेच नाही. मंगळही नाही, त्याचा कर वेगळा भरायचा.

एक प्रयोग घरी करून बघा. आपली पत्रिका आपल्याशीच जुळवा. एकच रास, एकच नक्षत्र, म्हणून सगळं पूर्ण जुळतं आणि नाडी एक निघते. बेरीज २८. म्हणजे स्वतःशी लग्न करायचं म्हटलं तरी नाडीदोष. या शास्त्राला माणसाची एवढी पारख आहे, हे मात्र मान्य करायला हवं.

नाडीवर कोणी शंका काढली तर "ते रक्तगटाचं असतं" असं ठामपणे सांगा. नाड्या तीन आणि रक्तगट आठ, हा हिशेब समोरच्याने केला तर चहा पुढे करा. सख्ख्या बहीण-भावाची नाडी वेगवेगळी असू शकते, ही गोष्ट तर बोलूच नका. एकच रक्तगट असणं हा दोष नाही, अडचण येऊ शकते ती आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असताना, आणि तिच्यावर वेळेवर घ्यायचं अँटी-डी नावाचं इंजेक्शन असतं. दोघंही थॅलेसेमियाचे वाहक आहेत का, हे रक्ताच्या तपासणीत कळतं. पण लॅबमध्ये फूटपट्टी नसते, त्यामुळे विश्वास बसत नाही.

आता रिचेकिंग. स्थळ हवं असेल तर गुरुजींना "काही परिहार आहे का हो?" असं हळूच विचारा. राशींचे स्वामी मित्र असले तर नवपंचमाचा दोष धरत नाहीत. शुक्र-शनी मित्र आहेतच, ७ गुण परत, झाले २४. ज्योतिषाच्या इतर प्रकरणांत पाचवं आणि नववं स्थान त्रिकोण म्हणून शुभ धरतात, हेही त्यांना तेव्हा आठवेल. नाडीसाठीही परिहार असतात, जसे रास एक आणि नक्षत्र वेगळं, किंवा नक्षत्र एक आणि चरण वेगळं. आपल्या जोडीला ते लागू नाहीत, म्हणून शांत करून घ्या. स्थळ नको असेल तर यातलं काही विचारू नका. मुलाचा पगार कमी वाटला, मुलगी सावळी वाटली किंवा सासूबाईंचा आवाज फोनवरच चढला, तर सतरा पुरेसे आहेत. "बाकी सगळं छान आहे हो, पत्रिका जमत नाही," या वाक्याला उत्तर नाही, आणि कोणाचा अपमानही होत नाही.

जन्मवेळच माहीत नसेल तर? तरी घाबरू नका, नावाच्या पहिल्या अक्षरावरून नक्षत्र ठरवतात. रोहिणीची अक्षरं ओ, वा, वी, वू आणि पुढच्या मृगाची वे, वो, का, की. आपल्या मुलीचं नाव विद्या, म्हणून रोहिणी, म्हणून अंत्य नाडी. तिचं नाव वेदिका असतं तर मृग, रास वृषभच, पण नाडी मध्य. साप-मुंगूस तसंच राहतं, तरी आठ गुण परत येतात आणि बेरीज २२ च्या वर जाते.

लग्नात सून घरात आली की ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचं नवं नाव लिहायची आपल्याकडे रीतच आहे. जावईबापूंना आधीच एका बाजूला घेऊन सांगून ठेवा, वेलांटी नको, मात्रा द्या.