झोळीची सवय ही सवय नाही का?

"बाळाला पाजत पाजत झोपवू नका, ही सवय मग जातच नाही, दातही किडतात. ३ महिने झाले की रात्रीचं दूध एकदम बंद करा, ३ रात्री रडेल, चौथ्या रात्री सलग झोपेल. भूक वाटलीच तर झोपताना बाटलीत नाचणीचं सत्त्व घाला. नाहीतर झोळीत घालून हलवा, म्हणजे सवयच लागत नाही."

आमच्या मावशीनं हा मेसेज माझ्या धाकट्या बहिणीला पाठवला. तिची मुलगी साडेतीन महिन्यांची. रात्री अकराला हिचा रडवेला फोन, "ताई, आजपासून बंद करू का गं?" म्हणून बसलेय लिहायला.

आधी झोळीच घेते, कारण ते वाचून मला हसावं की रडावं कळेना. बाळाची झोप साधारण ५०-६० मिनिटांच्या फेऱ्यांची असते आणि दोन फेऱ्यांच्या मधे ते जरा जागं होतं. झोप लागताना जे चालू होतं ते तेव्हा नसलं की बाळ तेच मागतं, छाती तर छाती, झोका तर झोका. आमची आजी झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपायची ती काय हौस म्हणून? झोका थांबला की पोर उठायचं! म्हणजे सवय लागते हे मेसेजवाल्याचं अर्धं खरं आहे, मान्य. पण ती कशाचीही लागते, आणि दूध चोखताना बाळाच्या अंगात गुंगी आणणारं संप्रेरकच सुटतं, त्यामुळे पाजताना डोळा लागणं ही आईची चूक नाही. तुम्हाला त्रास होत नसेल तर काही बदलू नका.

आता ३ महिन्यांचं. हे वाचून मात्र डोकं फिरलं. या वयात पोट छोटं, वजन वाढायचं असतं, रात्रीची भूक खरी असते. शिवाय एकदम बंद केलं की आईच्या छातीत गाठी येतात, ताप येतो, दूध कमी होतं ते वेगळंच. आणि "सलग झोपेल" म्हणे! 'पेडियाट्रिक्स' या जर्नलमध्ये २०१८ साली कॅनडातला एक अभ्यास आला होता, त्यात ६ महिन्यांच्या बाळांपैकी ३८ टक्के सलग ६ तास झोपत नव्हती आणि वर्षाच्या बाळांपैकीसुद्धा २८ टक्के नव्हती. ही धडधाकट बाळं हं, आणि न झोपणाऱ्यांचा विकास मागे पडलेला काही दिसला नाही. इथे साडेतीन महिन्यांच्या पोरीकडून चार रात्रींत अपेक्षा!

सत्त्वाचं एका वाक्यात सांगते, बाटलीत घट्ट काही घातलं तर ठसका लागू शकतो, आणि त्याने झोप वाढत नाही. दातांचं थोडं खरं, वर्षानंतर दात आलेले असताना रात्रभर पाजत राहिलं तर कीड लागायची शक्यता वाढते, म्हणून झोपायच्या आधी दात घासायचे. पण दात नसलेल्या पोरीला काय किडणार?

सवय मोडायची ती बाळ मोठं झाल्यावर, हळूहळू. माझा मुलगा दहा महिन्यांचा असताना तासातासाला उठायचा. पहिला आठवडा मी रात्रीला हातच लावला नाही, फक्त निजतानाचं पाजणं वीसेक मिनिटं आधी आणलं, लाइट चालू ठेवून, मग लंगोट, मग अंगाई. मग पाजतानाच पाठीवर थोपटायला आणि "हं हं" करायला लागले, म्हणजे दुधासोबत तेही झोपेला चिकटलं. त्यानंतर खरी युक्ती. गटागटा गिळणं थांबून नुसतं फुरफुर चोखणं सुरू झालं की करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवायची. तोंड शोधायला लागला की परत द्यायचं, मिनिटभराने परत काढायचं. पहिल्या रात्री सात-आठ वेळा केलं, वैतागले, दहाव्या दिवशी दोनदात भागलं. मग रात्रीच्या एकेका उठण्याला नवरा थोपटायला जायचा, कारण माझा वास आला की थोपटणं कोण ऐकतो! जिथे गटागटा पिऊन झोपायचा ते एक पाजणं ठेवलं, ती भूक. दोन मिनिटं चोखून झोपायचा ती उठणी थोपटण्यावर नेली. मधे दात आला, ताप आला, तेव्हा आठवडाभर सगळं पहिल्यासारखं झालं, मग पुन्हा सुरू. एकूण पाच-सहा आठवडे गेले, चार रात्री नाही.

बहिणीला सांगितलं, पाज आणि झोप. मावशीला मीच फोन करते उद्या.