गुडघा वर राहिला की सॅमचं मूल मॅममध्ये जातं

अंगणवाडीतल्या नोंदी चुकल्या की "घरी बसून आकडे भरतात" असं म्हणून लोक मोकळे होतात. तसंही कुठे कुठे होत असेल. पण माझं बरंचसं काम या मोजणीशीच आहे, आणि सांगते, सेविकेने अगदी मनापासून मोजलेलं मापसुद्धा सेंटीमीटरभर सहज चुकतं. त्यातही सगळ्यात जास्त घोळ होतो दोन वर्षांखालच्या मुलांच्या लांबीत.

दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल झोपवून मोजायचं, त्यानंतर उभं करून. तेच मूल आडवं जरा जास्त भरतं, म्हणून दोन्हींत ०.७ सेंटीमीटरचा फरक धरलेला आहे. दीड वर्षाचं पोर झोपायला तयारच नसेल आणि उभं करून मोजलं, तर आलेल्या मापात ०.७ मिळवायचे. आणि उभं मोजलं हे नोंदीत लिहायचं. हे लिहायचंच राहून जातं.

आता झोपवायचं म्हणजे काय, ते बघा. इन्फँटोमीटरची, म्हणजे बाळाची लांबी मोजायच्या पाटाची, डोक्याकडची फळी पक्की असते, पायाकडची सरकते. एकाने डोकं दोन्ही हातांनी धरून पक्क्या फळीला टेकवायचं, मुलाची नजर सरळ वर. दुसऱ्याने एका हाताने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे, दुसऱ्या हाताने फळी तळव्यांना भिडवायची आणि लगेच वाचायचं. म्हणजे चार हात पाहिजेत. मदतनीस खिचडी शिजवत असते, मग डोकं धरायला आई. आई बिचारी रडणाऱ्या लेकराला थोपटणार की डोकं फळीला लावून धरणार? डोकं सुटलं की वर फट राहते आणि माप जास्त येतं. गुडघा वर राहिला की माप कमी येतं. मी जास्त वेळा पाहिलाय तो गुडघाच, कारण बाळाचे पाय दाबायला सगळ्यांनाच भीती वाटते. "अहो ताई, दुखेल ना त्याला!" हे आजी दारातूनच ओरडते.

या गुडघ्याने होतं काय? समजा, १८ महिन्यांचा मुलगा आहे, खरी लांबी ७७.४. या वयाच्या मुलग्यासाठी डब्ल्यूएचओची खुजेपणाची रेषा ७६.९ वर आहे, म्हणजे हा काठावर पण वर. गुडघा वाकला आणि माप आलं ७६.६. पोरगा खुजा ठरला. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पण याच आकड्यावरून उंचीनुसार वजनही बघतात, आणि तिथे गाडी उलटी धावते. लांबी कमी लिहिली की तेवढ्या लांबीला लागणारं वजनही कमी होतं, या मापांच्या आसपास शंभर-सव्वाशे ग्रॅमनी. खरं म्हणजे सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणात, जेमतेम बसणारं पोर त्यामुळे मॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषणात दिसतं आणि ग्राम बाल विकास केंद्राच्या यादीतून सुटतं. दंडघेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर त्यावरून सापडेल, पण प्रत्येक सॅम मुलाचा दंडघेर तेवढा कमी नसतो. म्हणजे एकाच चुकीने खुजी मुलं वाढतात आणि सॅम मुलं लपतात.

पुढच्या महिन्यात तोच मुलगा नीट झोपवला आणि ७८.३ आला. महिन्यात १.७ सेंटीमीटर! या वयात महिन्याला साधारण ०.९ वाढ होते. कागदावर पोरगा एकदम उंच झाला आणि सॅममध्येही गेला. मग सेविकेला विचारणा होते की मूल एका महिन्यात एवढं घसरलं कसं. आकडा याच्या उलटा, मागच्यापेक्षा कमी आला, तर मात्र शंकेला जागाच नाही. मूल आखडत नाही. दोन्हींपैकी एक माप चुकलेलं आहे.

वाचण्यातली एक गंमत सांगते. सेविका बसते पायाकडे आणि पट्टीवरचे आकडे डोक्याकडून पायाकडे वाढत येतात. त्यामुळे तिला जवळचा ८२ आधी दिसतो आणि ती तिथून मागे तीन रेघा मोजते. माप असतं ८१.७, लिहिलं जातं ८२.३. बाजूने तिरकं वाचलं तर एखाद-दोन मिलिमीटर आणखी इकडे-तिकडे. डोळा फळीच्या बरोबर वर पाहिजे.

रजिस्टर बघून मोजणीचा दर्जा कळतो का? बराचसा कळतो. शंभर मुलांच्या मापांचे दशांश बघा. शून्य आणि पाच मिळून विसाच्या आसपास यायला हवेत. तिथे साठ-सत्तर दिसले तर ती बाई अर्ध्या सेंटीमीटरवर आणून सोडतेय, मिलिमीटर वाचतच नाही.

आणि आमच्या बैठकांत विचारतात काय, तर "किती टक्के मुलांची मोजणी झाली?" शंभर टक्के झाली की विषय संपला. माझं म्हणणं एवढंच आहे की मोजणीच्या दिवशी दुसरी शिकलेली बाई द्या, आशाताई चालेल, शेजारच्या अंगणवाडीची सेविका चालेल. आणि भेटीला येणाऱ्या पर्यवेक्षिकेने सह्या तपासण्याऐवजी रजिस्टर न उघडता दोन मुलं स्वतः झोपवून मोजावीत, मग सेविकेच्या नोंदीशी ताडून बघावं.