बाई, सावली खरंच दक्षिणेला पडली होती

लेकीच्या सुट्टीतल्या गृहपाठाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर गेला आणि त्यावर लाल फुली मारून परत आला. सोबत उत्तरसूचीच्या पानाचाही फोटो होता. त्यावर बाईंना मी पत्र लिहिलं. ग्रुपमधल्या दोन-तीन पालकांनी ते मागितलं, म्हणून बाईंना विचारून इथे टाकतोय. शाळेचं नाव कुणी विचारू नका, आणि बाईंवर घसरूही नका. चांगल्या आहेत त्या. माझं भांडण सूचीशी आहे.

नमस्कार बाई,

प्रश्न असा होता : "दुपारी बारा वाजता सावलीचे निरीक्षण करा. सावली कोणत्या दिशेला पडते?" सूचीतलं उत्तर आहे "उत्तरेला". आमच्या मुलीने लिहिलंय, "दक्षिणेला. पण बारा वाजता नाही, साडेबारानंतर. बाराला पश्चिमेला होती." एका ओळीच्या प्रश्नाला तिने दोन दिशा दिल्या आणि वर वेळही बदलली, त्यामुळे फुली का आली ते मला कळतं. पण तिने जे पाहिलं तेच लिहिलंय, आणि ते बरोबर आहे. कसं ते सांगतो.

आधी त्या फोटोबद्दल. तिने काढलेल्या आकृतीत उत्तर दिशा पानाच्या खालच्या बाजूला आहे. गच्चीवर ती दक्षिणेकडे तोंड करून बसली होती आणि जसं समोर दिसलं तसं काढत गेली. तिने बाण काढून "उ" लिहिलंय, पण माझ्या मोबाइलने फोटोची कड कापली आणि तो बाण अर्धा गेला. नकाशासारखं वर उत्तर धरून कुणी ते पान पाहिलं, तर सावली उत्तरेलाच दाखवली आहे आणि खाली शब्द मात्र "दक्षिणेला" लिहिलाय, असं वाटेल. मूळ वही सोमवारी पाठवतो.

आता सावली. तारीख होती २६ मे, जागा आमची गच्ची, पुणे. एक मीटरचा पीव्हीसी पाइप वाळू भरलेल्या कुंडीत रोवला. सोलर हिटर बसवणं हाच माझा धंदा असल्यामुळे ओळंबा घरात असतोच. तो दोन बाजूंनी लावून पाइप सरळ केला. हे मुद्दाम सांगतोय, कारण या प्रयोगात सगळ्यात जास्त फसवतो तो पाइपचा कल. त्या दिवशी भर दुपारी एक मीटरच्या पाइपची सावली जेमतेम साडेचार सेंटिमीटर असते. पाइपचं वरचं टोक उत्तरेकडे साडेचार सेंटिमीटर झुकलं तर सावली नाहीशीच होईल, आणि त्याहून जास्त झुकलं तर ती उलट्या दिशेला दिसेल. गच्चीला पाण्यासाठी उतार असतो, पण एवढ्याशा सावलीत त्याने फारसा फरक पडत नाही. पाइप ओळंब्यात असला की झालं.

तिच्या नोंदी अशा आहेत. अकरा वाजता सावली साधारण ४० सेंटिमीटर, पश्चिमेला आणि थोडी दक्षिणेकडे कललेली. बारा वाजता १४ सेंटिमीटर, अजूनही मुख्यतः पश्चिमेलाच. साडेबारापासून तिने दर दोन मिनिटांनी खूण केली. बारा बत्तीसच्या सुमाराला सावली सगळ्यात आखूड झाली, साडेचार सेंटिमीटर, आणि सरळ दक्षिणेला. एक वाजता ती पूर्वेकडे सरकून साडेबारा सेंटिमीटर झाली होती. सावलीची कड धूसर असते, त्यामुळे अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे धरा. दिशा मात्र त्याने बदलत नाही.

घड्याळात बारा वाजले तेव्हा खरी दुपार का झाली नव्हती, हा यातला पहिला भाग. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर चालतं. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पुणे त्याच्या पश्चिमेला, पावणेचौऱ्याहत्तर अंशांच्या किंचित पुढे आहे. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. म्हणजे तिकडे सूर्य माथ्याच्या रेषेवर आल्यावर आपल्याकडे यायला जवळजवळ पस्तीस मिनिटं लागतात. शिवाय वर्षभरात सूर्य घड्याळाच्या थोडा पुढे-मागे होत राहतो. मेच्या शेवटी तो तीनेक मिनिटं पुढे असतो, म्हणून बारा पस्तीसऐवजी बारा बत्तीस. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. मीही आधी सांगितलं नाही. सावली आखूड होत होत एका क्षणी पुन्हा लांबू लागते, एवढं तिचं तिनेच पाहिलं.

दुसरा भाग दिशेचा. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश. सूर्य २१ जूनपर्यंत उत्तरेकडे सरकत साडेतेवीस अंशांच्या जवळ, कर्कवृत्तावर पोहोचतो. तिथे जाताना तो आपल्या डोक्यावरून पुढे जातो. पुण्यात हे १३-१४ मेला घडतं. तोच आपला शून्य सावली दिवस, ज्याच्या बातम्या दरवर्षी पेपरात येतात. त्या बातम्यांमध्ये एक गोष्ट क्वचितच असते : त्या दिवसानंतर पुढे काय होतं? सूर्य डोक्याच्या उत्तरेला जातो आणि दुपारची सावली दक्षिणेला पडू लागते. परत येताना २९-३० जुलैच्या आसपास तो पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा पावसाळी ढग असतात म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. या मधल्या अडीच महिन्यांत पुण्यात भर दुपारची सावली दक्षिणेलाच असते. २६ मे त्यातच येतो.

कर्कवृत्त महाराष्ट्रातून जातच नाही, ते आपल्या उत्तरेला मध्य प्रदेशातून जातं. म्हणजे आपल्या राज्यात असं एकही गाव नाही जिथे हे होत नाही. फक्त काळ कमी-जास्त होतो. कोल्हापुरात तो मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो, नागपुरात साधारण २६ मे ते १७ जुलै एवढाच. दिल्लीत मात्र दुपारची सावली वर्षभर उत्तरेलाच असते. सूचीतलं उत्तर तिथे अगदी बिनचूक आहे.

ज्यांना उन्हात उभं राहायचं नाही त्यांच्यासाठी घरातला पुरावा आहे. ज्यांच्या घराला उत्तरेची गॅलरी आहे त्यांना मे-जूनमध्ये सकाळी आणि संध्याकाळी तिथे ऊन येतं हे माहीत असतं. हिवाळ्यात त्याच गॅलरीत वाळत घातलेले कपडे दिवसभर दमट राहतात. पॅनलचं तोंड आम्ही दक्षिणेकडे करतो, कारण वर्षाचा मोठा भाग सूर्य त्या बाजूला असतो. पण जूनमध्ये तो पॅनलच्या मागच्या बाजूने उगवतो. गिऱ्हाईक फोन करून विचारतं, "पॅनल उलटं बसवलंय का?" या फोनची आम्हाला सवय आहे.

तुम्ही विचाराल की दिशा कशाने ठरवली. मोबाइलच्या होकायंत्राने नाही. आमच्या गच्चीवर लोखंडी जिना आहे, त्याच्याजवळ ती सुई वाटेल तिकडे फिरते. आम्ही जुनी रीत वापरली. पाइपभोवती दोरीने खडूचं वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक आखूड होत वर्तुळाच्या आत शिरलं तिथे एक खूण, दुपारी ते लांबत बाहेर पडलं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, आणि तिला काटकोन केला की उत्तर-दक्षिण. यज्ञवेदी आखण्यासाठी कात्यायनाच्या शुल्बसूत्रात शंकूने दिशा काढायची हीच रीत दिलेली आहे. वहीत दोन टिंबं आणि मधे आडवी रेघ आहे ना, ती हीच. फोटोत ती खाडाखोड वाटते.

मार्कांसाठी हे पत्र नाही. त्या गृहपाठाला मार्क नव्हतेच. मला खटकलं ते वेगळं. फुली पाहिल्यावर तिने खोडरबर घेतला आणि नोंदी तशाच ठेवून फक्त उत्तर खोडून "उत्तरेला" लिहायला निघाली. मी थांबवलं. नोंदी एक सांगताहेत आणि उत्तर दुसरंच, यात तिला काही विचित्र वाटत नव्हतं. ग्रुपवर ज्या मुलांनी नुसतं "उत्तरेला" लिहून पाठवलं त्यांच्या उत्तराला बरोबरची खूण आहे. त्यातल्या किती जणांच्या पायाला त्या दुपारी गच्चीची फरशी भाजली असेल, हे मी विचारणार नाही. पण ज्याने खरोखर जाऊन पाहिलं असेल, त्याला "उत्तरेला" लिहिताच आलं नसतं. प्रश्नात "निरीक्षण करा" म्हणायचं, गृहपाठ मेच्या सुट्टीत द्यायचा आणि उत्तर मात्र डिसेंबरचं छापायचं, हे कसं चालेल? माझ्या मते सूचीत दोनच गोष्टी वाढवायला हव्यात, गाव आणि तारीख. त्या नसतील तर या प्रश्नाला एकच एक उत्तर देता येत नाही.

सूची पूर्ण चुकीची आहे असंही मी म्हणत नाही. वर्षातले साडेनऊ महिने ती पुण्यात खरी ठरते. हाच पाइप २२ डिसेंबरला उभा केला तर भर दुपारी सावली उत्तरेला पडेल, आणि चांगली ९० सेंटिमीटर लांब. तेव्हा मोजायची असं मुलीने ठरवलंय. दोन्ही नोंदी समोरासमोरच्या पानांवर याव्यात म्हणून तिने वहीत एक पान कोरं सोडलंय. ते पाहून "पान वाया का घालवलं" असं कृपया लिहू नका.

एक विनंती आहे. शाळा सुरू झाल्यावर २० जूनच्या आसपास एखाद्या दिवशी ढग फाटले, तर वर्गाला बारा पस्तीसला मैदानातल्या ध्वजस्तंभाशी न्याल का? खांब वीसेक फूट उंच असेल, तर त्याची सावली पावणेदोन फुटांच्या आसपास पडेल, दक्षिणेला. बहुतेक चौथऱ्यावरच मावेल, म्हणून मुलांना आधी दिसणार नाही, त्यांना जवळ जाऊन बघायला सांगा. खांब ओळंब्यात आहे का ते आदल्या दिवशी तपासायला मी येऊन जाईन, तासभर आधी फोन केलात तरी चालेल.

तुमचा,
सहावीतल्या मुलीचा बाबा