पांढरा शर्ट, पांढरा कुर्ता आणि गंजाचे डाग: एका रिव्ह्यूला आमचं उत्तर

रिव्ह्यू (१ तारा): "दोन पांढरे सुती कपडे दिले होते, दोन्हींवर गंजाचे डाग. शर्टाचा डाग पूर्ण गेला, कुर्ता मात्र फिकट पिवळ्या ठिपक्यांसकट परत दिला. विचारलं तर म्हणे कापड वेगळं आहे. मी घरी आधी दोनदा ब्लीच लावून बघितलं होतं हे सांगूनही जोर लावला नाही. जे औषध शर्टाला चाललं ते कुर्त्याला का नाही? कामचुकारपणा."

नमस्कार. काउंटरवर गर्दीत हे नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. तुमचा प्रश्न योग्यच आहे. दोन्ही कपडे पांढरे आणि हाताला जवळजवळ सारखेच लागतात, मग वागणूक वेगळी का, असं कोणालाही वाटेल.

आधी शर्टाचं सांगतो. त्याच्या दोन्ही खांद्यांवर तपकिरी रेघ होती, कडा ठळक आणि दोन्हीकडे एकाच उंचीवर. ही खूण तारेच्या हँगरची. तारेवरचा रंग किंवा प्लास्टिकचा थर खरवडला गेला की आतलं लोखंड उघडं पडतं. त्यावर ओला किंवा दमट शर्ट अडकवला की गंज थेट धाग्यावर उतरतो. असा डाग बहुतेक वरच्यावर बसलेला असतो. तुमचा शर्ट शंभर टक्के सुती होता, लेबल शाबूत होतं आणि त्या जागी आधी काही लावल्याची खूण नव्हती. अशा डागाला आम्ही ऑक्झॅलिक ऍसिड वापरतो, लिटरभर कोमट पाण्यात साधारण १० ग्रॅम. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. तो साबणात विरघळत नाही, ड्रायक्लीनिंगच्या द्रावकातही नाही. ऑक्झॅलिक ऍसिड त्यातल्या लोखंडाला पकडून पाण्यात उतरवतं. डागाखाली पांढरा टॉवेल ठेवून द्रावण लावलं, काही मिनिटं थांबलो, खालच्या टॉवेलवर फिकट पिवळं पाणी उतरलं आणि रेघ गेली. मग भरपूर पाण्यात तीनदा खंगाळला.

खंगाळणं हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि घरी बहुतेक वेळा तोच राहून जातो. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोजला आम्लाचं वावडं असतं. पाण्यात पातळ असताना थोडा वेळ चालतं. पण खंगाळण्यात कसूर राहिली आणि कपडा तसाच वाळत घातला, तर पाणी उडून जातं आणि मागे राहिलेलं आम्ल धाग्यातच तीव्र होत जातं. वरून इस्त्री फिरली की त्या जागी सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटतात. त्या दिवशी डोळ्यांना काहीच दिसत नाही, डाग गेलेला असतो, सगळे खूश असतात. एकदोन धुण्यांनंतर मात्र बरोबर डागाच्या आकाराचं भोक पडतं, आणि तेव्हा कोणाला आठवतही नाही की तिथे कधी ऍसिड लावलं होतं. म्हणून आम्ही शेवटच्या खंगाळण्यानंतर ओल्या कपड्याला लिटमस कागद लावून बघतो. निळा कागद निळाच राहिला तरच कपडा पुढे जातो.

आता कुर्ता. त्यावरचे डाग हँगरचे नव्हते. बारीक ठिपके पाठीवर, बाहीवर, घेरावर कसेही विखुरलेले होते आणि त्यांच्यामधलं कापडही किंचित पिवळसर झालं होतं. हे टाकीच्या पाण्याचं काम आहे. पाण्यात विरघळलेलं लोखंड डोळ्यांना दिसत नाही. पण लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पांढऱ्या कपड्यांवर रंग धरायला लागतं. हवा लागली, सोड्याची पावडर लागली किंवा ब्लीच पडलं की हे विरघळलेलं लोखंड गंज होऊन धाग्यातच बसतं. म्हणजे गंजावर क्लोरीनचं ब्लीच ओतल्याने डाग जात नाही, उलट पक्का होतो. चहाचा डाग ब्लीचने फिकट होतो. पिवळा डाग ब्लीच लावूनही तसाच राहिला किंवा गडद झाला, तर लोखंडाचा संशय घ्यावा. तुम्ही दोनदा ब्लीच लावल्याचं सांगितलंत ते फार बरं केलंत. त्यामुळेच आम्ही कुर्ता सरळ ऍसिडात घातला नाही.

कुर्त्यावर लेबल नव्हतं, म्हणून आतल्या शिवणीच्या मार्जिनमधून ताण्याचा म्हणजे उभा एक आणि बाण्याचा म्हणजे आडवा एक धागा काढला. जाळून बघितले. दोन्ही कागदासारखे जळले, वास जळक्या कागदाचा, राख मऊ. त्यावरून एवढंच ठरतं की हे रेशीम, लोकर किंवा पॉलिस्टर नाही. कापूस आणि व्हिस्कोस, म्हणजे दुकानात ज्याला रेयॉन म्हणतात, हे दोन्ही सेल्युलोजच असल्याने जळताना सारखेच वागतात. इथेच पुष्कळ जण फसतात. फरक कळतो तो पाण्याने. धाग्याच्या मध्यभागी बोट ओलं करून लावायचं आणि दोन्ही टोकं धरून ओढायचं. ओला कापूस कोरड्या कापसापेक्षा किंचित मजबूत असतो, सहसा ओल्या जागी तुटत नाही. व्हिस्कोस ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते आणि तो नेमका ओल्या जागीच तुटतो. तुमच्या कुर्त्याचा ताणा चिवट निघाला, बाणा ओल्या जागी लगेच तुटला. म्हणजे उभे धागे सुती, आडवे व्हिस्कोसचे. कापडाला किंचित चकाकी होती आणि ते सैल लोंबत होतं, तेही त्यामुळेच.

मूळ पदार्थ एकच असूनही आम्ही हात आखडता का घेतला, ते सांगतो. कापसातली सेल्युलोजची साखळी हजारो कड्यांची असते. व्हिस्कोस बनवताना लाकडाचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा पुन्हा धागा काढतात, त्यात ती साखळी काहीशे कड्यांवर येते. आधीच तोकड्या साखळीचे आणखी तुकडे पडले तर धाग्यात काही उरत नाही. शिवाय व्हिस्कोस पाण्यात कापसापेक्षा कितीतरी जास्त फुगतो, त्यामुळे टाकीच्या पाण्यातलं लोखंड वर न राहता धाग्याच्या आत शिरतं. म्हणजे डाग खोल, धागा दुबळा, आणि तो ओला असताना सगळ्यात दुबळा, नेमका जेव्हा आम्हाला त्यावर काम करायचं असतं.

त्यात ब्लीचची भर पडली. धाग्यात लोखंड असताना ब्लीच लागलं की लोखंड त्या रासायनिक क्रियेला जोर देतं आणि नुकसान बरोबर ठिपक्याच्या जागी एकवटतं. ऑक्सिजनच्या ब्लीचचं, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तसंच. त्यामुळे कपड्यावर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं पडतात. भिंगाखाली कुर्ता बघितला तर पाठीवरच्या तीन-चार ठिपक्यांवर बाण्याचे धागे लवीसारखे पिंजलेले दिसत होते, शेजारचे गुळगुळीत होते. तिथे शर्टाचं औषध आणि शर्टाइतकी ऊब लावली असती तर डागाबरोबर कापडही गेलं असतं. "जोर लावणं" म्हणजे ब्रशने घासणं असेल, तर तेही ओल्या व्हिस्कोसवर आम्ही करत नाही.

म्हणून कुर्त्याला गार पाण्यात सायट्रिक ऍसिड दिलं, लिटरला साधारण २० ग्रॅम, ऑक्झॅलिकपेक्षा सौम्य. कपडा आडवा पसरून, खाली जाळी देऊन, न घासता, थोडा थोडा वेळ आणि मध्ये खंगाळून. प्रत्येक फेरीला रंग उतरत गेला. मग एका फेरीला पिवळेपणा हलेना आणि पिंजलेली लव मात्र वाढलेली दिसली. तिथे थांबलो. जो फिकट पिवळा तुम्हाला दिसतो, तो तिथेच ठेवायचा असं आम्ही ठरवून केलं.

कापड रेशमाचं असतं तर हिशेब उलटा झाला असता. रेशीम आणि लोकर सौम्य आम्ल बऱ्यापैकी सोसतात, पण क्लोरीनचं ब्लीच त्यांना पिवळं करतं आणि शेवटी विरघळवून टाकतं. पॉलिस्टरवर गंज आत शिरतच नाही, त्यामुळे काम सोपं असतं. नायलॉन मात्र तीव्र आम्लात टिकत नाही, आणि पांढऱ्या कपड्याला नायलॉनची लेस लावलेली पुष्कळदा असते, म्हणून लेस आधी वेगळी तपासावी लागते. बाजारात फ्लोराइड असलेली गंजनाशकंही मिळतात. ती पटकन काम करतात, पण कातडीतून आत उतरून खोल भाजतात आणि वेदना उशिरा सुरू होतात. ती घरी आणू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक धोका लिहून ठेवतो, कारण तुमच्या घरी ब्लीच आहे. ब्लीच लावलेल्या कपड्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा कुठलंही ऍसिड टाकू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

कुर्ता परत आणलात तर तुमच्यासमोर भिंगाखाली ते ठिपके दाखवतो. पिंजलेल्या जागांना आतून बारीक जाळीचं अस्तर लावता येईल. बाकीच्या ठिपक्यांवर, जिथे धागा अजून शाबूत आहे, तिथे गार सायट्रिकची एक फेरी घेता येईल, तीही तुमची संमती असेल तरच. तोवर त्याला इस्त्री करू नका आणि ब्लीच लावू नका.

टाकीचं पाणीही तपासून घ्या, नाहीतर पुढचा पांढरा कपडा याच वाटेने जाईल. पांढऱ्या बादलीत नळाचं पाणी भरून रात्रभर उघडं ठेवा. भरताना स्वच्छ असलेलं पाणी सकाळी पिवळसर झालं आणि तळाशी तांबूस गाळ बसला, तर लोखंड पाण्यातच विरघळलेलं आहे आणि ते काढणारा फिल्टर लागेल. भरतानाच तपकिरी कण येत असतील तर गंज टाकीचा किंवा पाइपचा आहे. तेव्हा टाकी धुवून घ्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत पांढरे कपडे धुण्यापूर्वी नळाचं पहिलं पाणी बाजूला काढून टाका.