लॉस झाला तर रिटर्न भरू नका? वाटोळं करणारा मेसेज

"शेअर किंवा म्युच्युअल फंडात लॉस असेल तर रिटर्न वेळेत भरायची गरज नाही, पुढे नफा झाला की जुना लॉस दाखवून टॅक्स वाचवा. लॉस पगारातूनही वजा होतो. एक वर्ष ठेवून विकलं की टॅक्स शून्य."

हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि दादाने तो खरा मानला, म्हणून आता लिहावंच लागतंय.

आधी रिटर्नचं बोलू, कारण पैसे तिथेच बुडतात. 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 80 उघडून वाचा. रिटर्न मुदतीत भरलं नसेल तर कॅपिटल लॉस पुढच्या वर्षात नेता येत नाही. दादाने फेब्रुवारी 2025 मध्ये शेअर विकले, वर्षाच्या आत, शॉर्ट टर्म लॉस 80,000. त्या वर्षीची मुदत वाढून 16 सप्टेंबर 2025 झाली होती तरी याने नोव्हेंबरमध्ये लेट फी देऊन रिटर्न भरलं आणि वाटलं काम झालं. लेट फीने रिटर्न भरलं जातं हो, पण लॉस पुढे जात नाही! 2025-26 मध्ये त्याला 1 लाख शॉर्ट टर्म नफा झाला. पगार आधीच टॅक्समध्ये बसतो, म्हणजे वेळेत भरलं असतं तर फक्त 20,000 वर 20 टक्के, सेस धरून 4,160 रुपये. आता पूर्ण लाखावर 20,800. वेळेत भरलेला लॉस पुढची 8 वर्षं वापरता येतो, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

पगारातून वजा होतो म्हणे! नाही होत. कॅपिटल लॉस फक्त कॅपिटल गेनमधूनच वजा होतो. त्यातही शॉर्ट टर्म लॉस दोन्ही प्रकारच्या नफ्यातून जातो, लाँग टर्म लॉस मात्र फक्त लाँग टर्म नफ्यातूनच.

एक वर्षाची गोष्ट अर्धी खरी आहे, तेवढं मान्य करतो. 31 मार्च 2018 पर्यंत एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, भरून विकलेल्या शेअर आणि इक्विटी फंडांना ते लागू होतं. आता वर्षाला सगळा मिळून 1.25 लाखापर्यंतचा लाँग टर्म नफा माफ, त्याच्या वर 12.5 टक्के. आणि एसआयपीवाल्यांनो, प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात, दोन वर्षं एसआयपी चालू आहे म्हणून मागच्या महिन्यातले युनिट लाँग टर्म होत नाहीत.

लॉस पुढे न्यायचा असेल तर ITR-1 चालत नाही, धंद्याचं उत्पन्न नसेल तर ITR-2 भरा आणि सबमिट करण्याआधी Schedule CFL मध्ये लॉसचा आकडा आलाय का ते बघा, तिथे नसेल तर तो पुढच्या वर्षी मिळणार नाही.